घरात मुलं, मांजर आणि कुत्रा असताना सोफ्याला काय लावावं: सुती, मखमल की लेदर?

आमच्या पहिल्या सोफ्याची साल निघायला लागली ती तिसऱ्या पावसाळ्यात. दुकानात तो 'लेदरचा' म्हणून घेतला होता. आधी बसण्याच्या जागी बारीक भेगा पडल्या, मग पापुद्रे सुटायला लागले. एक दिवस दीड वर्षाचा धाकटा काहीतरी चघळताना दिसला. त्याच्या तोंडात बोट घातलं तर नखाएवढा तपकिरी पापुद्रा निघाला. त्याच आठवड्यात सोफ्याचं काहीतरी करायचं ठरलं.

सांगाडा सागवानी आणि धडधाकट होता, त्यामुळे नवा सोफा न घेता फक्त वरचं बदलायचं होतं. घरात पाच वर्षांची मुलगी, दीड वर्षाचा मुलगा, मनी नावाची मांजर आणि बंड्या नावाचा देशी कुत्रा. या चौघांना पुरून उरेल असं कापड शोधण्यात माझे दोन महिने गेले. त्यातले बरेच दिवस चुकीचे प्रश्न विचारण्यात गेले, कारण मी प्रत्येक दुकानात 'सगळ्यात टिकाऊ कोणतं?' एवढंच विचारत होते. टिकाऊ म्हणजे कशापुढे टिकाऊ, हे आधी ठरवावं लागतं. म्हणून पहिली पायरी दुकानातली नाही, घरातली आहे.

१. सोफ्यावर काय काय होतं ते आठवडाभर लिहून काढा

सात दिवस एक कागद फ्रिजवर लावा आणि सोफ्यावर जे जे घडेल ते जागेसकट लिहा. आमच्या कागदावर हे होतं: बैठकीवर वरणभात दोनदा, दूध एकदा, धाकट्याची शू एकदा. सोफ्याच्या डाव्या हाताच्या पुढच्या कोपऱ्यावर मनीच्या नख्या रोज. पाठीच्या वरच्या कडेवर मनीची झोप, म्हणजे केस. बंड्या बाहेरून आला की बैठकीच्या पुढच्या कडेला मातीचे पाय. आणि मुलीचं बॉलपेन, एकदा.

हा कागद वाचताना एक गोष्ट लक्षात आली, आणि पुढचं सगळं त्यावरच ठरलं. ओलं आणि सांडणारं सगळं बैठकीवर होत होतं. नख्या आणि केस मात्र हात आणि पाठ यांच्यावर. म्हणजे एकाच सोफ्याच्या दोन भागांना दोन वेगळ्या गोष्टींपासून वाचवायचं होतं. तुमच्या घरी चित्र वेगळं असेल. मांजर नसेल तर नख्यांचा प्रश्न बराच कमी होतो, कारण कुत्रा सहसा मुद्दाम सोफा ओरबाडत नाही, चढता-उतरता त्याच्या बोथट नख्या लागतात तेवढंच. मुलं सहा-सात वर्षांच्या पुढची असतील तर शूचा प्रश्न उरत नाही.

२. नमुन्याचे तुकडे आणा, आणि हातात नेमकं काय आहे ते ओळखा

दुकानातल्या कॅटलॉगमधले तुकडे चाचणीला अपुरे पडतात. तळहाताएवढा तरी, शक्यतो ८ बाय ८ इंचांचा तुकडा मागून घ्या. पाव मीटर विकत घ्यावा लागला तरी घ्या. मी पुण्यात रविवार पेठेतल्या दुकानांतून सात तुकडे आणले. लेदरचे दोन तुकडे कारागीर काकांनी त्यांच्या उरलेल्यातून दिले.

घरात या वस्तू जमवून ठेवा:

- मोजपट्टी, वही, आणि प्रत्येक तुकड्यावर नाव लिहायला चिकटपट्टी
- धुतलेला पांढरा सुती रुमाल
- वेल्क्रोची खरखरीत, आकड्यांची बाजू, बोटभर लांब
- ड्रॉपर किंवा औषधाचं टोपण
- वरवंटा किंवा तसंच जड काही
- हळद घातलेलं, फोडणीचं वरण

आता तिन्ही नावांमागे काय काय लपतं ते पाहू.

सुती म्हणजे एकच कापड नाही. सोफ्याला चालतं ते जाड, घट्ट, सपाट विणीचं: दुकानात त्याला डक किंवा कॅनव्हास म्हणतात. खिडकीसमोर धरून पाहा, विणीतून उजेडाचे ठिपके दिसत असतील तर ते पडद्याचं कापड आहे, सोफ्याचं नाही. ज्यात धागे वर उचललेले दिसतात, गाठी किंवा फुगीर विणकाम असतं, ते हाताला फार छान लागतं, पण मांजरीच्या घरात आणू नका. नखी अडकायला त्यात जागोजागी फास तयारच असतात.

मखमल सुती असते, व्हिस्कोसची असते आणि पॉलिएस्टरची असते. तिघी दिसायला बहिणी, वागायला अगदी वेगळ्या. दुकानात बहुतेक वेळा 'वेलवेट' एवढंच सांगतात. कडेचा एक धागा काढा, चिमट्यात धरा आणि मुलं जवळ नसताना सिंकवर काडी लावा. सुती किंवा व्हिस्कोसचा धागा कागदासारखा जळतो, तसाच वास येतो आणि राख बोटात विरते. पॉलिएस्टर वितळून आक्रसतं आणि टोकाला कडक काळा मणी उरतो.

लेदरमध्ये सगळ्यात जास्त फसगत होते. तुकडा उलटा करा. खऱ्या कातड्याची मागची बाजू तंतुमय, किंचित केसाळ असते. मागे विणलेलं कापड दिसलं तर ते रेक्झिन: कापडावर प्लास्टिकचा थर. त्यातलं पॉलियुरेथेनच्या थराचं रेक्झिन हवेतल्या दमटपणाने आतून सुटत जातं. आमच्या सोफ्याची साल त्यामुळेच निघाली. तिसरा प्रकार म्हणजे कातड्याचा चुरा गोंदाने थापून वर प्लास्टिकचा थर दिलेला, ज्याला बाँडेड लेदर म्हणतात. नावात लेदर असलं तरी सालपटं त्याचीही निघतात. 'हे शंभर टक्के कातडं आहे का, आणि बिलावर तसं लिहून द्याल का?' असं विचारा. मी हा प्रश्न पहिल्या वेळी विचारला नव्हता.

खऱ्या कातड्यातही दोन जाती लक्षात ठेवा. एकावर रंगाचा संरक्षक थर असतो, दुसरं जवळजवळ उघडं असतं. पाण्याचा थेंब टाका. थर असलेल्यावर तो मोत्यासारखा बसून राहतो. उघड्या कातड्यात मुरतो आणि तिथे गडद डाग दिसतो. हे दुसरं स्पर्शाला लोण्यासारखं असतं, पण लहान मुलांच्या घरात ते आणू नका.

३. स्वयंपाकघराच्या ओट्यावर पाच चाचण्या करा

कॅटलॉगच्या मागे बहुधा मार्टिनडेल नावाचा आकडा छापलेला असतो. कापड यंत्रावर घासून ते किती फेऱ्यांनंतर झिजतं, याचा तो आकडा. घरातल्या रोजच्या सोफ्याला २५,०००च्या पुढचा असावा, मुलं उड्या मारत असतील तर ३०,०००च्या पुढचा. पण हा आकडा फक्त घासण्याचा आहे. नख्या, डाग, पाणी याबद्दल तो काहीच सांगत नाही. ४०,००० आकडा असलेलं एक फुगीर विणीचं कापड मनीने माझ्यासमोर दोन ओरबाड्यांत धागे काढून ठेवलं. म्हणून बाकीचं आपल्यालाच तपासावं लागतं.

*नख्या.* वेल्क्रोची आकड्यांची बाजू तुकड्यावर दाबून वीस वेळा एकाच दिशेने ओढा. मांजरीच्या नख्या जवळजवळ अशाच अडकतात. फुगीर विणीच्या कापडातून पहिल्या पाच ओढींतच धागे वर आले. घट्ट कॅनव्हासवर बारीक लव उठली, धागा निघाला नाही. आखूड लवेच्या पॉलिएस्टर मखमलीवर फक्त रेघ दिसली आणि हात फिरवताच ती मिटली. याचं कारण समजून घ्या: मखमलीची लव कापलेली असते, त्यात फास उरत नाहीत, त्यामुळे नखी अडकत नाही. लेदरला ही चाचणी लागू नाही. तिथे टाचणीचं टोक हलकेच ओढून पाहा. आमच्या तुकड्यावर पांढरट ओरखडा उठला तो कायमचाच.

*पाणी आणि वजन.* चार थेंब पाणी टाकून ते पूर्ण वाळू द्या. सुती मखमलीवर आणि व्हिस्कोसच्या मखमलीवर वाळल्यावरही गोल वळ राहिला, लव चिकटून बसली. पॉलिएस्टरवर मऊ ब्रश फिरवल्यावर काही उरलं नाही. मग सगळ्या मखमलींवर रात्रभर वरवंटा ठेवला. सकाळी पॉलिएस्टरची लव तासाभरात उभी राहिली. व्हिस्कोसवर वरवंट्याची आकृती दुसऱ्या दिवशीही होती.

*रंग.* पांढरा रुमाल ओला करून पिळा आणि तुकड्यावर वीस वेळा घासा. रुमालावर रंग उतरला तर तो उद्या मुलांच्या कपड्यांवर उतरणार. गडद निळं आणि लाल सुती कापड इथेच बाद झालं.

*केस.* घरच्या प्राण्याचे केस ब्रशमधून काढून तुकड्यावर चोळा आणि कोरड्या हाताने झटका. घट्ट सुती कापडात बारीक केस सुईसारखे टोचून बसतात. मखमलीवर ते वरवर राहतात, ओलसर रबरी हातमोजा फिरवला की गोळा होतात. लेदरवरून फुंकरीनेही उडतात. केसांच्या बाबतीत लेदरला तोड नाही. रंग मात्र प्राण्याच्या केसांना जवळचा घ्या. मनी पांढरी-करडी आहे, आणि काळ्या मखमलीवर तिचा एक केससुद्धा दारातून दिसत होता.

*हळद.* ही चाचणी मराठी घरासाठी सगळ्यात महत्त्वाची, म्हणून तिच्यावर जरा थांबते. प्रत्येक तुकड्यावर चमचाभर वरण घातलं आणि दोन तास तसंच ठेवलं, कारण खऱ्या आयुष्यात सोफ्यावरचं वरण आपल्याला उशिराच दिसतं.

सुती कापडात ते पार मुरलं. साबण लावताच पिवळा डाग लालसर तपकिरी झाला. पहिल्यांदा हे बघून मी कापड बिघडलं असंच समजले. पण हळदीचा रंग साबणासारख्या अल्कलीत लाल होतो, आणि नीट खळबळून धुतल्यावर पुन्हा पिवळा होतो. घाबरून त्यावर आणखी साबण चोळत बसू नका. आधी चमच्याने वरण खरवडा, मग तेलकटपणा जाईल इतपत साबण, भरपूर पाणी, आणि मग ओला असतानाच कडक उन्हात. हळदीचा रंग उन्हात फिकट होत जातो. माझ्या तुकड्यावर दोन दिवसांच्या उन्हानंतर शोधावा लागेल इतकाच डाग उरला. ब्लीचची गरज पडली नाही.

पॉलिएस्टर मखमलीत वरण कमी मुरलं, पुसल्यावर बरंच निघालं, पण लवेच्या मुळाशी फिकट पिवळी झाक राहिली. उन्हाने तीही गेली असती, पण सांगाड्याला ठोकलेली मखमल उन्हात नेणार कशी? थर असलेल्या लेदरवरून वरण ओल्या फडक्याने साफ निघालं. उघड्या लेदरमध्ये फोडणीचं तेल मुरलं, आणि तो गडद ठिपका अजून तसाच आहे.

म्हणजे हळदीपुढे तरायचं तर कापड एक तर काही शोषणारं नको, नाहीतर काढून उन्हात घालता येणारं हवं. मधली स्थिती त्रासाची.

४. आता कागद आणि निकाल शेजारी ठेवून ठरवा

लेदर, म्हणजे थर असलेलं खरं लेदर, मांजर नसलेल्या आणि कुत्रा असलेल्या घरासाठी मला मनापासून चांगलं वाटतं. केस, माती, लाळ, दूध सगळं पुसून जातं. मांजर असेल तर मात्र विचार सोडा. मांजर सोफ्यावरून उडी मारताना मागच्या नख्या दाबून झेप घेते आणि त्याची छिद्रं पडतात. ओरखड्याला रंग भरता येतो, छिद्र बुजत नाही. आणखी दोन गोष्टी लेदर विकताना कोणी सांगत नाही. एक, शू वरून पुसली जाते, पण शिवणीतल्या सुईच्या भोकांतून आत फोममध्ये उतरते आणि लेदर धुवायला काढता येत नाही. दोन, बॉलपेनची शाई थरात उतरते. ती काढायला सॅनिटायझर किंवा स्पिरिट चोळलं तर शाईबरोबर थरही निघतो.

कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर पावसाळ्यात लेदरवर पांढरी बुरशी धरते. सोफा भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा, आठवड्यातून एकदा कोरड्या फडक्याने मागची बाजूही पुसा. खोबरेल तेल लावायची आपल्याकडे पद्धत आहे, ती इथे टाळा. तेलावर धूळ बसते आणि बुरशीला खाद्य मिळतं.

सुती कापड कोणत्याही घरात चालतं, पण एका अटीवर: चेन लावून काढता यायला हवं. सांगाड्याला ठोकलेलं सुती म्हणजे पहिलं सांडलेलं वरण कायमचं.

पॉलिएस्टर मखमल, आखूड लवेची, मांजरीच्या घरातल्या हातांसाठी आणि पाठीसाठी. बैठकीला लावली तर चालते, पण शू झाली की ठोकलेल्या मखमलीखालचा फोम धुता येत नाही.

आमच्या कागदाप्रमाणे उत्तर असं आलं: हात, पाठ आणि खालचा पट्टा करड्या पॉलिएस्टर मखमलीचा. बैठकीच्या तीन गाद्यांना घट्ट सुती कॅनव्हासच्या, चेनवाल्या खोळी, दोन जोड. काका आधी नाही म्हणत होते.

"ताई, एका सोफ्याला दोन कापडं कोण लावतं? लोक म्हणतील कापड कमी पडलं."

मी त्यांना फ्रिजवरचा कागद दाखवला. तो वाचून ते म्हणाले, "मग पायपिंग मखमलीची लावू खोळींना. मुद्दाम केलंय असं दिसेल." आणि खरंच, त्या बोटभर पायपिंगमुळे सोफा एकसंध दिसतो. ही सूचना त्यांची, श्रेय त्यांचंच. नवीन खोळी पहिल्यांदा धुताना मात्र पायपिंगचा रंग उतरतो का, ते ओल्या रुमालाने आधी तपासा.

५. कापडाच्या खालचं विसरू नका

वरचं कापड कितीही चांगलं निवडलं तरी ओलं शेवटी फोमपर्यंत जातं, आणि प्राण्याच्या शूचा वास फोममध्ये बसला की निघणं फार अवघड. म्हणून खोळ आणि फोम यांच्यामध्ये एक जलरोधक थर घाला. त्यासाठी वेगळं काही शोधावं लागत नाही. सिंगल बेडचा वॉटरप्रूफ गादी प्रोटेक्टर मिळतो, वरून टॉवेलसारखा आणि खालून पातळ थर असलेला. तो ७२ बाय ३६ इंचांचा घ्या.

आमची एक गादी २४ बाय २२ इंच आणि ५ इंच उंच. वरची बाजू आणि चारही कडा झाकायला ३४ बाय ३२ इंचांचा तुकडा लागतो. म्हणजे एका प्रोटेक्टरमधून दोन गाद्या होतात, तीन गाद्यांना दोन प्रोटेक्टर. कोपरे शिवून कडेला इलॅस्टिक लावलं की टोपीसारखं बसतं. खालची बाजू मुद्दाम उघडी ठेवा. फोम सगळीकडून बंद केला तर बसताना हवा निघायला जागा राहत नाही आणि गादी फुग्यासारखी होते, शिवाय आत दमटपणा कोंडतो.

६. मीटरचा हिशेब स्वतः करा

कारागीर अंदाजाने सांगतात आणि तो अंदाज बहुधा बरोबर असतो, पण दोन कापडं असली की गोंधळ होतो. सोफ्याच्या कापडाचा पन्हा साधारण ५४ इंच. वरच्याच मापाची गादी घेऊ.

वरचा आणि खालचा तुकडा, शिलाईला अर्धा अर्धा इंच धरून, प्रत्येकी २५ बाय २३ इंच. ५४ इंची पन्ह्यात असे दोन शेजारी शेजारी बसतात, म्हणजे २३ इंच लांबी गेली. कडेची पट्टी शिलाईसकट ६ इंच रुंद आणि सभोवार ९२ इंच लांब. त्यासाठी पन्हाभर दोन पट्ट्या, १२ इंच, आणि चेन बसवायला २ इंच जास्त. एकूण ३७ इंच. तीन गाद्यांचे १११ इंच, म्हणजे २.८ मीटरच्या थोडं पुढे.

इथे सुती कापडाचा सापळा आहे. न धुतलेलं सुती कापड पहिल्या धुण्यात ४-५ टक्के आटू शकतं. ४ टक्के म्हटलं तरी २४ इंचांमागे जवळपास १ इंच. तेवढ्याने खोळ गादीवर चढत नाही, आणि ओढून चढवली तर चेन फाटते. म्हणून ३ मीटरच्या थोडं वर, ३.२५ मीटर घ्या, आणि कापण्याआधी सगळं कापड पाण्यात भिजवून वाळवून घ्या. दुकानदार 'आटणार नाही' म्हणाला तरीही. दोन जोडांना आम्ही ६.५ मीटर घेतलं. दुसरा जोड हौस म्हणून नाही: जाड कॅनव्हास पावसाळ्यात वाळायला दोन-तीन दिवस घेतो.

पॉलिएस्टर मखमलीत आटण्याची काळजी नाही, पण लवेला दिशा असते. हात वरून खाली फिरवला की गुळगुळीत आणि खालून वर फिरवला की खरखरीत लागली पाहिजे, सगळ्या तुकड्यांवर सारखीच. एक तुकडा उलटा लागला तर तो वेगळ्याच रंगाचा दिसतो. त्यामुळे साध्या कापडासारखं आडवं फिरवून उरलेल्या जागेत तुकडे काढता येत नाहीत. आमची पाठ ७२ इंच रुंद, पन्हा ५४, म्हणजे पाठीला जोड आलाच. काकांनी मधोमध एक शिवण न घेता दोन बाजूंना दोन घेतल्या, गाद्यांच्या फटींच्या रेषेत. साध्या कापडाला ७ मीटर पुरलं असतं, मखमलीला ८ लागलं.

७. काम देताना काय लिहून घ्यायचं

दुकानाच्या बिलावर कापडाचं नाव, रंगाचा क्रमांक, त्यातल्या धाग्यांचं प्रमाण आणि मीटर. लेदर असेल तर 'खरं लेदर' हे शब्द आणि चौरस फूट, कारण कातडं मीटरवर मोजत नाहीत.

कारागिराकडून एका कागदावर: कोणत्या भागाला कोणतं कापड, लवेची दिशा खाली, चेन गादीच्या मागच्या बाजूला आणि ती मागच्या दोन्ही कोपऱ्यांवरून वळून किमान ४-४ इंच पुढे येणारी. चेन फक्त मागच्या सरळ कडेपुरती असेल तर फोम आत घालताना दोन माणसं लागतात. आणि चेनचा दांडा आत लपेल असं झाकण, नाहीतर धाकटी मंडळी पहिल्या दिवशी ती उघडतात.

जुनं कापड काढताना घरी थांबा. आमच्या सोफ्याच्या आत पट्ट्या सैल झाल्या होत्या, ते तेव्हाच दिसलं आणि तिथेच बदलून घेता आलं. नवं कापड चढल्यावर ते कळलं असतं तर पुन्हा सगळं उसवावं लागलं असतं.

८. सोफा आल्यावरचे पहिले पंधरा दिवस

मांजर नख्या मारते ती खोडी म्हणून नाही. नखीवरचं जुनं आवरण काढायला आणि पंजाचा वास सोडायला तिला ते लागतं. सोफ्यावर बंदी घालायची तर दुसरी जागा द्यावी लागते, आणि ती जागा सोफ्याजवळच हवी. आम्ही जाड लाकडी खांबाला काथ्याची दोरी घट्ट गुंडाळली, खाली जड फळी ठोकली आणि तो बरोबर डाव्या हाताच्या कोपऱ्यासमोर उभा केला. उंची मांजर मागच्या पायांवर उभी राहून पूर्ण ताणली तरी पुरेल इतकी, आमचा अडीच फूट आहे. खांब डुगडुगला तर मांजर पुन्हा त्याच्याकडे बघत नाही. मखमलीत नखी अडकत नाही आणि काथ्यात मस्त अडकते, त्यामुळे चौथ्या-पाचव्या दिवशी मनी आपणहून तिकडे वळली. त्यानंतर खांब दर आठवड्याला थोडा थोडा बाजूला सरकवला.

शू झाली तर चोळू नका. जुनं टॉवेल दाबून शोषून घ्या, खोळ आणि आतला प्रोटेक्टर काढा, गार पाण्याने धुवा. प्राण्याची असेल तर एन्झाइमचं क्लीनर वापरा आणि बाटलीवर लिहिलंय तेवढा वेळ ओलं राहू द्या. नुसत्या साबणाने माणसाला वास येत नाही, प्राण्याला येतो, आणि तो परत तिथेच जातो. फिनाइल किंवा अमोनियाचं काही लावू नका.

खोळी धुताना तिन्ही एकदम धुवा. एकच वारंवार धुतली तर सहा महिन्यांत ती शेजारच्या दोघींपेक्षा फिकट दिसते.

उरलेलं कापड टाकू नका. मखमलीचा आणि कॅनव्हासचा अर्धा-अर्धा मीटर नाव लिहून पिशवीत ठेवा. तोच रंग, तोच क्रमांक नंतर आणला तरी दुसऱ्या ताग्याची छटा थोडी वेगळी येते. आठव्या महिन्यात बंड्याने एका खोळीचा पुढचा कोपरा चावून ठेवला, तेव्हा त्या पिशवीतल्या कॅनव्हासची कडेची पट्टी काकांनी अर्ध्या तासात बदलून दिली. ती कोणती, हे आता मला गादी उलटी करून शोधावं लागतं.